अंगठा सोडून

बारा ऑगस्ट. शस्त्रक्रियागृहात सहा जीव: टेबलावर एक, भोवती पाच. दुसऱ्या तासाला मोठ्या सिस्टरच्या हातून चिमटा निसटला आणि फरशीवर खणखणला. सर्जननी दुसरा चिमटा स्वतःच उचलून घेतला. तेच तिला जास्त लागले.

वर्षभर हेच चालले होते. काम लांबले की उजव्या हाताला मुंग्या येत, बोटे ओंडक्यासारखी जड होत. हाताला रोग जडला, असे तिने मनाशी धरले आणि बाह्यरुग्ण विभागात बदली मागणारा अर्ज लिहिला. सव्वीस वर्षांच्या टेबलाला रामराम ठोकायचा होता. सोमवारी फक्त सही बाकी होती.

त्याआधी एक शस्त्रक्रिया आटोपून ती नव्या गाऊनचे माप द्यायला इस्पितळाच्या शिवणखोलीत गेली. बाहीच्या मोरीतून, म्हणजे मनगटाकडच्या तोंडातून, हात जायला हवा म्हणून शिंपीकाकांनी तिच्या पंजाला फीत गुंडाळली.

"नऊ."

"अंगठा सोडा हो, काका. आमच्या हातमोज्यांच्या मापात अंगठा धरत नाहीत."

"तुमचं शास्त्रच लंगडं!" काकांनी फीत बोटांच्या मुळाशी, सांध्यांवरून फिरवली. "घ्या, साडेसात."

"साडेसहा असेल. नीट बघा."

"ताई, चाळीस वर्षं फीत धरतोय. वजन लपवता येतं, माप नाही."

ती हसली आणि फितीवरचा आकडा स्वतः वाचला. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यावरचा आकडा म्हणजे पंजाचा इंचांतला घेरच. प्रत्येक शिकाऊ मुलीचा कामाचा हात तिने स्वतः मोजला होता. "मोजा काढल्यावर मनगटावर लाल वळ दिसला, काम करताना बोटांची टोकं पांढरी पडली, तर मोजा तंग, टोकाला रबर लोंबलं, तळव्यावर सुरकुत्या पडल्या, तर सैल," हे तिचेच पाठ. स्वतःसाठी मात्र रुजू झाली त्या दिवशीच्या मापाचे, साडेसहाचेच मोजे ती हात भरत गेला तरी आजवर डोळे झाकून उचलत आली होती. तिने मनगट वळवून पाहिले. वळ होता.

सोमवारी तिने साडेसातचा जोड चढवला. मूठ वळली, रबर ओढले नाही. टोकाला जागा उरली नाही. तीन तास चाललेल्या कामात तिची बोटे जागी होती.

"सिस्टर, आज कात्री मागायच्या आधीच हातात?" सर्जन म्हणाले.

"डॉक्टर, वर्षभराची उधारी फेडतेय."

मास्कआडून सगळे हसले. अर्ज तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला, काकांची फीत मागून आणली आणि दिवसभरात दिसेल त्याचा पंजा मोजून मोज्यांच्या मापांची यादी भांडारात दिली. भांडारप्रमुखांनी शस्त्रक्रियागृहाची यादी मान्य केली. सफाई करणाऱ्या चौघींच्या तपासणीच्या साध्या मोज्यांसाठी तिने एक लहान, दोन मध्यम, एक मोठा असे लिहून दिले होते. त्या ओळीवर त्यांनी काट मारली.

चौघींना आजही मध्यमच मिळतात. इस्पितळाकडून त्यांचे देणे बाकी आहे.