लालीची हद्द

पत्नीच्या नडगीला गोठ्याचा पत्रा लागला आणि पाच टाके पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी वरिष्ठ आरोग्य अधिकाऱ्यांना उद्देशून एका तक्रार अर्जाचा मसुदा लिहावयास घेतला. विषय असा होता : ‘रुग्णास प्रत्यक्ष न तपासता भ्रमणध्वनीवरील छायाचित्रावरून जखमेची स्थिती ठरविण्याच्या पद्धतीबाबत.’ दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागात माझी हयात गेली. मूळ कागद पाहिल्याशिवाय नक्कल खरी असल्याचा शिक्का मी कधी मारला नाही. मग मूळ पाय न पाहता पायाच्या नकलेवर कोणी ‘ठीक’ असा शेरा मारावा, हे मला सहन होणे शक्य नव्हते.

टाके प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी घातले होते. धनुर्वाताचे इंजेक्शनही तेथेच झाले. पुढची देखभाल आमच्या गावच्या उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी बाईंकडे आली. बाई वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. तीन गावे त्यांच्याकडे आणि त्यात लसीकरणाचे दिवस चालू, म्हणून त्यांनी सांगितले, “आप्पा, पट्टी रोज सकाळी बदला आणि फोटो पाठवा. मी येईन तेव्हा येईन, पण फोटो रोज बघणार.”

“फोटोत तुम्हाला काय दिसणार?” मी विचारले.

“थोडं दिसतं. बाकीचं तुम्हाला विचारणार.”

पहिला फोटो मी न्हाणीच्या दारात, बल्बच्या उजेडात काढला. फोटोत पाय शेंदरासारखा लाल दिसला. मी संतापून लगेच फोन लावला. बाई हसल्या. “आप्पा, ह्या उजेडात माझा हातपण लालच दिसंल. अंगणात जा, सकाळच्या उजेडात, ऊन थेट पडू देऊ नका, फ्लॅश बंद करा. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो जवळून, एक लांबून गुडघ्यापर्यंतचा. आणि वैनीला हळद लावू देऊ नका. पिवळं काय हळदीचं आन्‌ काय पुवाचं, मला कळत नाही.”

अंगणात काढलेल्या फोटोत टाक्यांच्या दोन्ही कडांना बारीक गुलाबी पट्टा दिसत होता. हा धोका का नाही, याचे लेखी कारण द्या, असे मी म्हणणारच होतो. परंतु बाईंनी तोंडी दिलेले कारणच असे होते की माझी लेखणी थांबली. पहिले दोन-तीन दिवस कडेला थोडी लाली, थोडी सूज, हात लावल्यावर जरा ऊब आणि पाण्यासारखा पातळ स्राव, हे शरीर कामाला लागल्याचे लक्षण. लाली आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. ती कोणीकडे चालली आहे, हा प्रश्न. दिवसागणिक आत येते आहे की बाहेर पसरते आहे? ठणका कमी होतो आहे की वाढतो आहे? मला हे चमत्कारिक वाटले. आजवर मी लाल रंगाला निकाल समजत होतो. बाई त्याला नुसता अर्ज समजत होत्या.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. लाली बोटाच्या पेराएवढी रुंद झालेली होती. त्यांनी माझ्या खिशातील निळे पेन मागितले, लालीच्या कडेकडेने पायावर रेषा ओढली आणि बाजूला तारीख व वेळ लिहिली. त्या दिवसाचा फोटो मी रेषेसकट काढून ठेवला.

“ही हद्द,” त्या पत्नीला म्हणाल्या. “लाली ह्या रेषेच्या बाहेर गेली की फोटो नको, सरळ फोन. तुम्हाला साखर आहे, म्हणून जास्त जपायचं.”

“आन्‌ आत राहिली तर?” पत्नीने विचारले.

“तर वैनी, तुम्ही जिंकलात.”

हद्द कायम करणे, तिची नोंद ठेवणे आणि अतिक्रमण झाल्यास कळविणे, ही कार्यपद्धती मला मनापासून पटली. माझ्या मसुद्यातील एक परिच्छेद मी त्या दिवशी खोडला.

चौथ्या दिवसाचा फोटो गेला. लाली रेषेच्या आत होती. पाचव्या दिवशीही आत. दोन्ही दिवस बाईंनी विचारले, “दुखणं कसं आहे?” आणि दोन्ही दिवस मी लिहून कळविले : ‘वेदना विशेष नाहीत.’ हे विधान मी पत्नीला न विचारता केले होते. ती कण्हत नव्हती, यावरून मी तसा निष्कर्ष काढला होता. साक्षीदाराला न विचारता त्याची साक्ष लिहिणाऱ्या कारकुनाला मी एके काळी सर्वांदेखत बोल लावले होते.

सहाव्या दिवशी सकाळी पत्नी चहाचा कप घेऊन आली तेव्हा पाऊल उचलून न टाकता ओढत आली. मी विचारले, तर म्हणाली, “काय न्हाय, जरा जड हाय.” लाली मात्र रेषेच्या आत. फोटो पाठविला. बाईंचे उत्तर आले, ‘रेषेच्या आत आहे. ताप?’ ताप आम्ही मोजलाच नव्हता. माझा राग उसळला. पाय ओढणारी पत्नी समोर आणि यांची सगळी भिस्त रेषेवर! मी मसुदा पूर्ण करावयास बसलो आणि सोबत जोडण्यासाठी सर्व फोटो क्रमाने एकापुढे एक उघडू लागलो.

तेथे माझी नजर अडकली. पत्नीच्या नडगीवर, जखमेच्या वरच्या अंगाला, एक काळा तीळ आहे. तिसऱ्या दिवसाच्या फोटोत हा तीळ रेषेच्या बाहेर होता, बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर. चौथ्या दिवशी रेषा तिळाला टेकलेली होती. आज तीळ रेषेच्या आत होता.

तीळ तर सरकत नाही. मी मोजपट्टीचे आकडे वाचले. टाक्यांपासून रेषा पूर्वी दोन सेंटिमीटरवर होती, आता पाचवर. आणि बाजूची तारीख व वेळ, जी बाईंच्या अक्षरात होती, ती कुठेच नव्हती.

“अगं,” मी हाक मारली, “ही रेषा कोणी काढली?”

“मॅडमनी.”

“तिसऱ्या दिवसाची मॅडमनी. आजची?”

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू उंबऱ्यापुढची रांगोळी कोणी काढली असे मी विचारले होते. “म्या. आंगूळ करताना पुसून जातीय की ती! रोज नवी काढते. तुमच्याच पेनानं. लालीच्या कडंकडंनं, मॅडमनी काढली व्हती तशीच. काय चुकलं?”

रोज सकाळी रांगोळी, रोज सकाळी कुंकू. पुसले की पुन्हा रेखायचे, हे तिच्या हाताचे साठ वर्षांचे वळण. बाईंनी शिकविलेली आकृती तिने मन लावून गिरविली होती. हद्दीचा दगड अतिक्रमण करणाऱ्याच्या मागोमाग रोज पुढे सरकत होता, आणि हद्द सुरक्षित असल्याचा अहवाल मी रोज सहीनिशी पाठवीत होतो.

मी फोन केला. सगळे ऐकून बाई म्हणाल्या, “मीपण कालचा फोटो आजच्याशेजारी ठेवून बघायला पाहिजे होतं. आप्पा, आता मी सांगते तसं करा. हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावा, मग ह्या पायाला.”

चांगला पाय थंड होता. दुसरा तव्यावरून नुकत्याच उतरविलेल्या भाकरीसारखा.

“कातडी ताणून चकचकीत झालीय? वैनीची कातडी सावळी आहे, तिथं लाली लालच दिसंल असं नाही. जांभळट, काळपटपण दिसते. म्हणून डोळ्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा. गुडघ्याकडं जाणारी रेघ दिसते का?”

रेघ नव्हती. कातडी मात्र चकाकत होती, आणि आतापर्यंत मी जिला नुसती सावली समजत होतो, ती जांभळट झाक आजच्या रेषेच्याही पुढे गेलेली होती.

“आता फोन वैनीकडं द्या. तुम्ही बोलू नका.”

पत्नीने फोन कानाला लावला. थोडा वेळ ‘व्हय, व्हय’ असे म्हणाली आणि मग, माझ्याकडे न पाहता, “लई ठणकतंय. परवापासनं. रातीला डोळ्याला डोळा न्हाय. ह्यास्नी सांगितलं असतं तर ह्यांनी तुमच्यावरच कागद लिवला असता, म्हणून गप बसले.”

मी मसुदा उलटा करून ठेवला.

बाईंनी थांबू दिले नाही, तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले. ताप होता, साखर चढलेली होती. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पाय दाबताच टाक्यांमधून घट्ट, वास येणारा पू आला. त्यांनी रुग्णवाहिकेने आम्हांला धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात पाठविले. वाटेत पत्नी एवढेच म्हणाली, “पाय काढत न्हाईत ना वं?” तिच्या धाकट्या मावशीचा पाय साखरेपायी गुडघ्यापासून गेलेला होता. रस्त्याचा धक्का बसू नये म्हणून मी तिची टाच दोन्ही हातांनी धरून ठेवली.

तेथे डॉक्टरांनी तीन टाके उसवले, पू काढून आतून धुतले, शिरेतून औषध सुरू केले. मग सहज न पुसणाऱ्या काळ्या पेनाने लालीभोवती रेषा ओढली आणि मला बजावले, “आजोबा, ही पुसली तर पुसू द्या, पण नवी कोणी काढायची नाही.” मी म्हणालो, “ही अट लेखी द्या, मी घरच्यांची सही घेतो.” पत्नी खाटेवरून म्हणाली, “सही कशाला? पेनच ठिवा तुमच्या खिशात.”

दुसऱ्या दिवशी लाली रेषेच्या किंचित बाहेर गेली. मी परिचारिकेला जवळजवळ ओढतच आणले. तिने सांगितले की औषध सुरू झाल्यावर पहिला दिवसभर असे होऊ शकते; ताप आणि ठणका उतरतो आहे का, ते पाहा. दोन्ही उतरत होते. तिसऱ्या दिवशी लाली रेषेच्या आत आली, चौथ्या दिवशी तिळाच्या खाली उतरली. कडेची कातडी सुरकुतू लागली. सूज ओसरल्याचे ते लक्षण, हे आता मला कोणी सांगण्याची गरज उरली नव्हती.

घरी सोडल्यावर जखम न शिवता उघडीच ठेवून वरून रोज पट्टी करावयाची होती. तळापासून भरून येईल म्हणाले. आठवडाभराने एका सकाळी पट्टी सोडली आणि मी तिला हलू नको म्हणालो. जखमेचा तळ भडक लाल, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखा दिसत होता. मी सकाळच्या उजेडात, मोजपट्टी ठेवून फोटो काढला, कालचा फोटो त्याच्याशेजारी जोडला, आणि या वेळी खाली लिहिले : ‘प्रश्न रुग्णास विचारला. तिचे उत्तर : ठणका न्हाय, नुसतं खाजतंय.’

बाईंचा फोन आला. “आप्पा, भोवतीची लाली वाईट होती. ही आतली आहे. नवं मांस असंच येतं, लाल आणि दाणेदार. हीच पाहिजे आपल्याला.”

मी फोन पत्नीच्या कानाला लावला. तिने ऐकले, वाकून जखमेकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, “मंग हिला वाढू द्या की भरपूर.”