देव्हाऱ्यातली गोळी

श्रावणातल्या एकादशीच्या आधी देवळाच्या फळ्यावर उपवासाची सूचना लावायची ठरली आणि मजकूर लिहायचं काम देवस्थान समितीने माझ्याकडे दिलं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी याच एकादशीला माझे बाबा गेले.

बाबांना मधुमेह होता. आमच्याकडे गोळ्यांची डबी देव्हाऱ्यात असते. पूजा, गोळी, मग नाश्ता, असा रोजचा क्रम. त्या दिवशी पूजा झाली, गोळी झाली, उपवास म्हणून नाश्ता तेवढा गळाला. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, असं बाबांचं म्हणणं. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला. आईने पंखा लावला आणि जरा पडा म्हणाली. ते पडले ते उठले नाहीत.

तेव्हापासून मला फारसं काही जाणवत नाही. सूचनासुद्धा मी पाण्याचं बिल भरावं तशी लिहिली.

अध्यक्षांना ‘उपवास करू नका’ हे वाक्य नको होतं. देवळात असं लिहिलं तर लोक दुखावतात म्हणे. माणूस गेला तर कोण दुखावतं, हे विचारायचा मला कंटाळा आला. आरोग्यकेंद्रातल्या सिस्टरने शब्द मऊ केले, मुद्दे ठेवले. मधुमेहाच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं, ते उपवासाआधी डॉक्टरांना विचारावं. गोळी घेऊन उपाशी राहू नये, रक्तातली साखर फार उतरते. साबुदाणा, बटाटा बेताने खावा. वयस्कर मंडळींनी पाणी पीत राहावं. हातपाय कापले, घाम फुटला तर लगेच साखरपाणी घ्यावं, देव रागावत नाही. माणूस बेशुद्ध झाला तर तोंडात काही न घालता इस्पितळात न्यावं.

आईलाही मधुमेह आहे. तिला मी डॉक्टरकडे चल म्हणून थकलो. ती एकादशी सोडायला तयार नव्हती. एकादशीच्या सकाळी तिने पूजा केली, गोळी घेतली आणि काही न खाता माझ्यासोबत देवळात आली. पिशवीत मी केळी घेतली होती.

फळ्यासमोर ती थांबली. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. घामाच्या ओळीवर बोट अडकलं. बराच वेळ तिथेच होतं. मग ती मंडपातल्या सोप्यावर, कडेच्या बसायच्या कट्ट्यावर, बसली.

"हें गेल्या वर्सा कोणाक सुचलें ना," ती आपल्या कोकणीत म्हणाली. गेल्या वर्षी हे कुणालाच सुचलं नाही. आवाज चढलेला नव्हता. रडत नव्हती.

मी केळं सोलून दिलं. तिने ते देवाकडे न बघता खाल्लं आणि दुसरं मागितलं.

घरी आल्यावर तिने गोळ्यांची डबी देव्हाऱ्यातून उचलली आणि स्वयंपाकघरात, बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.