निधीच्या पदवीची मेल

"काहून कापलं हे? बापानं कौतिक नाई करायचं तं कोनं करायचं?"

"कौतिक करा ना बाप्पा. पन हे कौतिक व्हय का? बाजारात मांडून राह्यले पोरीले."

निधीच्या आईनं, शोभनानं, ओळी कापलेला कागद प्रतापपुढं सरकवला. कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या त्या दोन खोल्यांत तो मूळचा अकोटकडचा माणूस पेन दातात धरून बसला होता. पोरीचा जीपीए, आजारपणावर केलेली मात, पुढं मास्टर्स करणार, आईबापाचे कष्ट, सगळं त्यानं त्यात घातलं होतं.

पाच वर्षांमागंही तिथल्या मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर त्यानं असंच लिहिलं होतं, 'आमची डॉक्टरीण कॉलेजला निघाली'. चारशे घरांत ते गेलं. दुसऱ्या वर्षी निधीनं मेडिकलची तयारी सोडली, सहा महिने पडदे लावून पडून राहिली. मंडळाच्या गणपतीत तिथल्याच चारुदत्तकाकांनी प्रसाद घेता घेता विचारलं, "काय डॉक्टर, किती वर्षं राहिली?" ती उठून गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून मंडळात नाही, अन् बापाशी फोनवरही नाही. जे काय बोलायचं ते आईशी.

आता पदवीदान समारंभाच्या दोन पासांसोबत तिनं लिहिलं होतं, 'बाबा, ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी मला दाखवा.' तीन वर्षांत बापाला लिहिलेली ही पहिली ओळ.

प्रतापनं दाखवलं. उत्तर आलं: 'मार्क्स नको. आजारपण तर नकोच. पुढचं मलाच माहीत नाही, तुम्ही कसं लिहिता? टोपीतला फोटो नको, खड्ड्यातला चालेल.'

"उरलं काय मंग?" प्रताप म्हणाला.

"पोरगी उरली," शोभना म्हणाली.

त्यानं पुन्हा लिहिलं.

'आमची निधी मातीच्या शास्त्रात पदवीधर झाली. शेवटच्या वर्षी ओढ्याकाठी तिनं चाळीस खड्डे स्वतः खणले अन् थराथराची माती तपासली. चिमटीत माती मळून ती तिचा पोत सांगते. मी शेतात वाढलो, मला ते येत नाही. आम्हाला तिचा अभिमान आहे. प्रताप, शोभना.'

निधीनं 'अभिमान' राहू दिला. खाली एकच शब्द, 'ओके.'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं, चिपा तपासायच्या कामावर होता त्या कंपनीतून, मेल सोडली. अर्ध्या तासात चारुदत्तकाकांचं उत्तर साऱ्या ग्रुपला आलं: 'अभिनंदन. पण डॉक्टरीचं काय झालं?'

प्रतापचे कान तापले. 'तिची तब्येत' एवढं टाइप झालं. मग एकेक अक्षर मागं नेत त्यानं ते पुसलं.

'धन्यवाद काका. आज सांगायचं ते एवढंच. डॉक्टरीचं मी तेव्हा तिला न विचारता लिहिलं होतं, ती माझी चूक.'

तेही चारशे घरांत गेलं. दोन वाजेपर्यंत कुणीच काही लिहिलं नाही. निधीचा फोनही आला नाही.

टेस्टरवर सकाळच्या चिपांतल्या अकरा नापास दिसत होत्या. त्यानं मनगटाला स्थिर वीज उतरवणारा पट्टा बांधला, चिमट्यानं पहिली उचलली अन् पुन्हा तपासायला लावली.