दोन बोअरमधली बाव

आरोंद्यापासून थोड्या अंतरावरच्या एका डोंगरात लोखंडाचं खनिज किती आहे, हे मोजायचं काम आमच्याकडे होतं. मी भूगर्भतज्ज्ञ, मूळची मालवणची. माझ्यावर एक वरिष्ठ होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. शंभर शंभर मीटरवर उभी बोअर मारून झाली होती. वर निघालेले दगडमातीचे लांब तुकडे पेट्यांत मांडून, प्रत्येक मीटरात लोखंड किती टक्के ते प्रयोगशाळेतून आलं होतं. शेजारच्या दोन बोअरमध्ये खनिज लागलं, की मधला भाग मी नकाशावर लाल रंगवायची. त्या भागाचं घनफळ गुणिले खनिजाची घनता, म्हणजे टन. हिशोब सरांना पटला होता आणि अहवालावर माझी सही झाली होती.

उरलं होतं विहिरींच्या पाण्याची पातळी मोजणं. मे महिना होता. उतारावरच्या बाकीच्या विहिरींचे तळ दिसत होते, पण एकीत मात्र पाणी होतं. ती विहीर दोन बोअरच्या बरोबर मध्ये होती. तिची मालकीण साठीची, पलीकडे मिरचीच्या वाफ्यात काम करत होती. मी टेप खाली सोडली तशी ती येऊन उभी राहिली. मी सहज म्हटलं, विहीर खणताना तांबड्या मातीने फार त्रास दिला असेल.

"तांबडी खंय?" ती म्हणाली. "ती वयर थोडीशी. माझो घोव बाव खणून वर येय तो पांढरोफट. खाली सगळी शेडीच."

शेडी म्हणजे पांढरी चिकणमाती. मला वाटलं, तिची काहीतरी चूक होत असेल. दुपारचे बारा वाजत आले होते, ऊन सरळ विहिरीत उतरत होतं. मी काठावर पालथी पडून आत पाहिलं. वरचं दगडी बांधकाम संपलं की खाली उघडी माती होती. एका बाजूला लाल, खाली निमुळती होत संपणारी, बाकी सगळी पांढरी, आणि दोन्हींच्या मध्ये जवळजवळ उभी, सरळ रेघ.

मी टेप वर ओढली आणि वहीत ती रेघ काढून घेतली.

हा डोंगर कसा झाला, ते मी कॉलेजात पाठ केलं होतं. जुन्या समुद्राच्या तळावर लोखंड आणि गारेचे, म्हणजे गारगोटीच्या दगडाचे, पातळ थर साचले. पुढे डोंगर झाल्यावर युगानुयुगं झिरपणाऱ्या पाण्याने गार विरघळून गेली, लोखंड मागे उरलं. म्हणून वर जांभ्याचं कठीण कवच आणि खाली भुसभुशीत, श्रीमंत खनिज. पण मधल्या काळात कुठे भेगेतून तप्त शिलारस वर येऊन भिंतीसारखा थिजला असेल, तर ती भिंतही कुजते. तिची चिकणमाती होते. अशी उभी भिंत दोन उभ्या बोअरच्या मधून सहज निसटते. आणि तीच पाणी अडवते. उतारावरची ही एकच विहीर भरलेली का, ते समोर होतं.

"तुमका म्हायत नव्हता?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं.

"कोणी इचारल्यानच नाय," ती म्हणाली आणि मला पाणी आणायला घरात गेली.

तिथेच बसल्या बसल्या मला शेजारच्या बोअरची एक पेटी आठवली. तीत दोन मीटरचा कप्पा रिकामा होता. मशीनवाले म्हणाले होते, माल पाण्याबरोबर वाहून गेला. मऊ खनिजात असं होतं, म्हणून मी त्या जागी वरच्या आणि खालच्या मीटरची सरासरी भरली. वाहून गेलेलं खनिज नसेल, अशाच भिंतीच्या एखाद्या फाट्यातली शेडी असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. नसलेल्या मालाला मी टक्केवारी दिली होती.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा पुढे ओढून त्या दोन बोअरच्या मध्ये बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "रिकाम्या कप्प्याबद्दल अहवालात लिहिलंय?"

"नाही."

"मीही विचारलं नाही," ते म्हणाले, आणि अहवाल परत मागवायचा फोन त्यांनी माझ्यासमोरच केला.

भिंत उभी असली की तिला छेदायला बोअर तिरकं मारावं लागतं. आम्ही विहिरीपासून दूर, डोंगराच्या लांबीत तीन ठिकाणी तशी मारली. पाणी कमी वापरून, सावकाश. तिन्हींत पांढरी माती आली, आणि मला वाटलं होतं त्याहून रुंद. लाल पट्ट्याच्या मधोमध एक पांढरी पट्टी काढावी लागली. साठा घटलाच, शिवाय ज्याला आम्ही खात्रीचा म्हटलं होतं त्यातला बराचसा संभाव्य या वर्गात उतरला. कंपनीने पुढचा निर्णय लांबणीवर टाकला.

नवीन अहवालावर सही करताना सरांनी मला एवढंच सांगितलं, की खनिज कमी झालेलं नाही, ते तिथे कधी नव्हतंच. त्यांना धीर द्यायचा होता. मला मात्र ते ऐकून पुन्हा विहिरीच्या काठावर बसला होता तसाच धक्का बसला. वर्षभर मी जो डोंगर रोज पाहत होते, तो अर्धा मीच मनाने भरला होता.