सुरी खाली ठेवली तो दिवस

"दुखतं सगळ्याजणींना, बोंब मी एकटीनेच का मारू?" असं गुनवोर एकदा म्हणाली होती, आणि मग अकरा वर्षं तिने बोंब मारली नाही.

नॉर्वेतल्या वेस्टरोलेनच्या मासळी कारखान्यात ती कॉड माशाचे काप काढायची. तिथे आजार मोजायची एक रीत होती, कुणी न शिकवलेली. हातातली सुरी खाली ठेवली, तो आजाराचा पहिला दिवस. त्याआधीचं दुखणं हिशेबात नाही.

डॉक्टरकडे न जाता, नुसतं कळवून, वर्षात चार वेळा रजा मिळे. हंगाम ऐन भरात असतानाच तिच्या चारही वेळा संपल्या. मुकादम कोल्बयोर्न म्हणाला, "आता डॉक्टरची चिठ्ठी आण, बाई. आणि ऐक, काप काढणाऱ्यांच्या ओळीची प्रमुख तुलाच करायचं माझ्या मनात आहे. पण दर महिन्याला गायब होणारी प्रमुख घेऊन मी काय करू?"

डॉक्टर एल्ड्रिडनी आधीच्या डॉक्टरांची नोंद वाचली. पाळीचे पहिले दोन दिवस कळा, सोनोग्राफी ठीक.

"दुखायला कधी लागतं?"

"पाळीच्या दिवशी."

"त्या दिवशी दुखायला लागतं, की त्या दिवशी तू घरी जातेस?"

गुनवोरने बोटांवर दिवस मोजले. "दुखतं चार दिवस आधीपासून. पण तेव्हा मी कामावर असते ना."

"संडासला बसताना दुखतं?"

"आतून कुणी काप काढल्यासारखं." ती ओशाळून हसली. "दुसरं काही सुचत नाही बघा."

"आणि गोळ्या?"

"पूर्वी लागू पडायच्या. आता दर वर्षी जास्तच दुखतं."

"साध्या कळा बहुधा पाळीबरोबर येतात, दोन-तीन दिवसांत ओसरतात, गोळीला दाद देतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुझं तसं दिसत नाही. एंडोमेट्रिओसिस असू शकेल, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी बाहेरच रुजलेलं. सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. छातीठोक आज मी सांगणार नाही. पण खात्री होईपर्यंत तुला ताटकळत ठेवायचं कारणही नाही. हार्मोनची गोळी सुरू करू, आणि हॉस्पिटलातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते. कामावर द्यायला चिठ्ठीही लिहून देते."

परतताना गुनवोरच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. इतकी वर्षं डॉक्टरांना चुकीची तारीख तिनेच दिली होती. आणि तरी ती खोटं बोलली नव्हती. तिच्या जगात तीच तारीख खरी होती.

कोल्बयोर्नने चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"तुझी सोनोग्राफी ठीक आली होती ना? तूच सांगितलंस."

"हो."

"मग झालं तर! माझी बायको बघ, हूं की चूं करत नाही. तू फक्त शब्द दे, यापुढे एक खाडा नाही. ओळ आजपासून तुझी." त्याने हात पुढे केला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. गेल्या आठवड्यात पुढे आला असता तर तो हात तिने धरलाही असता. ओटीपोटात सकाळपासून कळ होती; पाळीला अजून तीन दिवस होते. हा दिवसही आता मोजायचा होता.

पुढे आलेला हात तिने धरला नाही. चिठ्ठी त्याच्यासमोर नीट सरळ करून ठेवली, दार उघडलं आणि घरी निघाली.