किमतीची चूक कुणाची, याची सूचना

खुर्चीवाल्यांना लोक खुर्चीवालेच म्हणत. नाव असून नसल्यासारखं. वडिलांनी खुर्च्या केल्या, यांनीही केल्या, आणि गल्लीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्या दारातल्या झुलत्या खुर्चीत फुकट बसून घेतलं होतं. माणूस कामाला वाघ, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की अंगावर काटा. लिहिण्याचं सगळं खातं बायकोकडे. दुकानाचं पान इंटरनेटवर उघडलं तेही तिनेच, खुर्च्यांचे फोटो काढले तिनेच, आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तीही तिनेच. प्रत्येक उत्तराखाली आपोआप उमटायचं, ‘तुमची, खुर्चीवाली बाई’. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणूनच ओळखायची. खुर्ची विकण्याआधी ती विचारायची, ‘बसणार कोण? पाय जमिनीला टेकतात का त्यांचे?’ पाय टेकत नसतील तर खुर्चीचे पाय कापून घ्यायला लावायची. खुर्चीवाले कुरकुरायचे आणि कापून द्यायचे.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. चार दिवसांचा ताप आणि संपलं.

पान मात्र चालू राहिलं. पैसे परस्पर खात्यात यायचे, खुर्ची मिस्त्री बांधून पाठवायचा. मिस्त्री म्हणजे दुकानातला जुना सुतार. तोंडाने तिखट, हाताने सोनं. तेवढं पुरत होतं. अडलं ते लाकूड महागल्यावर. झुलत्या खुर्चीचा नवा भाव पानावर टाकायचा होता. खुर्चीवाल्यांनी चष्मा लावला, मिस्त्रीची चिठ्ठी समोर ठेवली आणि एकेक आकडा बघून बघून टाकला. १२५०. तीनदा तपासला. बरोबर होता. शाबासकी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच एक कप चहा करून प्यायले.

आता या दुकानाची एक खोड सांगायला हवी. खुर्चीवाल्यांचे वडील भाव लिहिताना शेवटचं शून्य गाळायचे. ‘शून्याला किंमत ती काय, पेन्सिल कशाला झिजवा?’ असं म्हणायचे. पन्नास वर्षं दुकानात सगळे तसंच लिहीत आणि तसंच बोलत. बाराशे पन्नासची खुर्ची म्हणजे साडेबारा हजारांची, हे मिस्त्रीला झोपेतही कळायचं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर ते शून्य पुन्हा चिकटवायचं काम बायको करायची. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कधी बोलूनही दाखवलं नाही. त्यामुळे असं काही काम असतं, हे खुर्चीवाल्यांना ठाऊकच नव्हतं.

दोन दिवसांत सत्तावीस खुर्च्या विकल्या गेल्या. पैशासकट. खुर्चीवाले हरखले. तयार होत्या तेवढ्या तीन खुर्च्या मिस्त्रीने बांधून रवाना केल्या आणि म्हणाला, “मालक, एक तर जगातल्या सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागलेत, नाहीतर आपलं काहीतरी चुकलंय.”

रविवारी सकाळी लेक आली. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची, एका कचेरीत नोकरी करायची. तिने पान उघडलं आणि कपाळावर हात मारला.

“बाबा, साडेबारा हजारांची खुर्ची बाराशे पन्नासला टाकलीत?”

“बाराशे पन्नासचीच आहे की.”

“आपल्यात! लोकांना काय माहीत आपली भानगड?”

लेकीने आधी खुर्चीची विक्री थांबवली, मग भाव दुरुस्त केला. भाव नीट करणं सोपं होतं, दोन मिनिटांचं. पण चोवीस माणसं पैसे भरून वाट बघत होती. पानावर सूचना लावायची आणि तीच सूचना चोवीस जणांना एकेक करून मेलने पाठवायची, असं ठरलं.

पहिला खर्डा लेकीने केला. कचेरीची सवय. ‘तांत्रिक बिघाडामुळे चुकीची किंमत दिसली असून सर्व ऑर्डर रद्द समजाव्यात. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

“बिघाड कुठे झाला?” खुर्चीवाल्यांनी विचारलं. “यंत्राने आपण दिलं तेच दाखवलं की.”

“असंच लिहितात बाबा.”

“आणि त्यांच्या पैशांचं काय? रद्द समजा म्हणे. पैसेही गेले समजायचे का?” मग जरा थांबून म्हणाले, “तिने असं लिहिलं नसतं.”

आईचा विषय घरात असाच यायचा, दारापर्यंत, आणि माघारी जायचा. लेकीने वही पुढे केली.

दुसरा खर्डा दोघांनी मिळून केला. खुर्चीवाले फेऱ्या मारत सांगायचे, लेक टिपायची. झुलत्या खुर्चीची किंमत शुक्रवार सकाळपासून रविवार सकाळपर्यंत १,२५० दिसत होती. खरी किंमत १२,५०० आहे. ज्या तीन खुर्च्या निघाल्या, त्या छापलेल्या किमतीलाच तुमच्या. त्यावर आणखी एक पैसा मागणार नाही. बाकीच्या चोवीस जणांपुढे दोन वाटा. पैसे परत हवे असतील तर पूर्ण मिळतील, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात, पाच ते सात कामाच्या दिवसांत. किंवा खुर्चीच हवी असेल, तर खऱ्या किमतीतून दोन हजार कमी करू; उरलेले पैसे भरायची सोय याच पानावर तुमच्या ऑर्डरसमोर आहे. सात दिवसांत काही कळवलं नाही, तर आम्ही आपणहून सगळे पैसे परत करू.

“आणखी एक लिही,” खुर्चीवाले म्हणाले. “आमच्याकडून कोणी फोन करून कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागणार नाही. मागितला तर तो चोर.”

“चोर लिहू?”

“चोर लिही.”

लेक हसली. आठ महिन्यांत या घरात तिला पहिल्यांदा हसू आलं होतं. अकरा वाजता तिने सूचना पानावर चढवली. मेल जेवण झाल्यावर पाठवायचे होते. सूचनेखाली नेहमीची ओळ आपोआप उमटली, ‘तुमची, खुर्चीवाली बाई’. लेकीचं लक्ष नव्हतं. खुर्चीवाल्यांचं होतं. ते गप्प बसले, कारण ती ओळ दिसली की त्यांना बरं वाटायचं.

बरं वाटायचं म्हणजे किती, ते त्यांनाच माहीत. दुपारी मिस्त्री जेवायला गेला की ते पान उघडून बसत. तिची जुनी उत्तरं वाचत. वाचता वाचता कानात तिचा आवाज यायचा, थोडा चढा, वाक्याच्या शेवटी हसणारा. गिऱ्हाइकं पानावर अजूनही लिहीत, ‘बाई, कशा आहात?’ तिथे कुणालाच काही कळलेलं नव्हतं. गल्लीत, नात्यात, दुकानात ती नव्हती, तिथे होती. तेवढी एक जागा खुर्चीवाल्यांनी जपून ठेवली होती, आणि त्याबद्दल लेकीलाही सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासात पानावर उत्तरं यायला लागली. एकाने लिहिलं, ‘बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ दुसरा म्हणाला, ‘चष्म्याचा नंबर वाढला वाटतं बाईंचा!’ आणि तिसरीने तर कमालच केली. ‘आधी स्वस्त दाखवून गिऱ्हाईक गोळा करायचं, मग चूक झाली म्हणायचं. बाईंची ही युक्ती चांगली आहे.’

खुर्चीवाल्यांनी ते वाचलं आणि ताडकन उठले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच! जिने पन्नास वर्षांच्या खोडीवर रोज न चुकता शून्य लावलं, तिला लोक डोळे तपासायला सांगत होते. लबाड म्हणत होते. ती असती तर हसून सोडून दिलं असतं. पण ती नव्हती, आणि म्हणूनच यांना ते सोडून देता येईना.

“खाली आईचं नाव राहिलं,” लेक वाचून म्हणाली. “अय्यो. थांबा, काढते. ‘दुकान’ एवढंच लिहू?”

“नको.”

“मग?”

खुर्चीवाले खिडकीशी गेले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. नुसतं नाव काढलं तर चूक तिच्याच खात्यावर राहणार. चूक तिची नाही असं लिहायचं, तर ती नाही असंही लिहावं लागणार. आणि एकदा लिहिलं की तिथेही संपलं. उद्या दुपारी पान उघडल्यावर कोणी ‘बाई, कशा आहात’ म्हणणार नव्हतं.

“सरक,” ते लेकीला म्हणाले आणि स्वतः खुर्ची ओढून बसले. एका बोटाने लिहायला लागले. लेकीने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला.

सूचनेतल्या किमती, वाटा, दिवस, सगळं तसंच ठेवलं. त्याच्या वर लिहिलं:

‘ही चूक माझी आहे. आमच्या दुकानात भाव लिहिताना शेवटचं शून्य गाळायची पद्धत आहे. पानावर किंमत टाकताना माझी बायको ते शून्य लावायची. तिचं कधी चुकलं नाही. ती आठ महिन्यांपूर्वी वारली. ती हे काम करत होती हे मला या रविवारी कळलं. तिला कोणी काही बोलू नये. बोलायचं ते मला बोलावं.’

खाली लिहिलं, ‘खुर्चीवाला’.

पाऊण तास लागला. ‘वारली’ हा शब्द त्यांनी दोनदा लिहून पुसला होता. पत्रिकेत, दाखल्यावर, सगळीकडे तो दुसऱ्यांनी लिहिला होता; त्यांच्या हाताने हा पहिलाच. लेक मागे उभी राहून वाचत होती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं तसेच थोडं रडले, आवाज न करता. मग तिने ती आपोआप उमटणारी ओळ बंद केली आणि चोवीस मेल पाठवले.

दुपारभर उत्तरं येत राहिली. आता लोकांचे आवाज खाली आले होते. ज्यांना परत हवे होते त्यांनी पैसे परत मागितले, तेही अगदी अदबीने. नऊ जणांनी खुर्चीच हवी म्हणून कळवलं. युक्तीवालीने माफी मागितली. लेक एकेक मोठ्याने वाचून दाखवत होती आणि वहीत खुणा करत होती. खुर्चीवाले ऐकत होते, पण त्यांचं मन कशात नव्हतं. इतकं सगळं नीट झालं हे जिला सांगायचं, ती नेमकी नव्हती.

पाचच्या सुमाराला लेक वाचता वाचता थांबली.

“काय झालं?”

“एका जुन्या गिऱ्हाइकाचं आहे.” तिने हळू वाचलं. “‘बाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या असं तुम्ही लिहिता. मग गेल्या महिन्यात माझी आई गेली, तेव्हा मी विचारलं होतं की तिची खुर्ची परत घ्याल का, बघवत नाही. बाईंचं उत्तर आलं होतं, विकू नका, खिडकीशी ठेवा, संध्याकाळी जवळून जाताना हाताने एकदा झुलवत जा. मी रोज तसं करतो. ते मला कोणी लिहिलं?’”

लेकीने वर पाहिलं. “बाबा?”

खुर्चीवाल्यांनी मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यासारखे कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘मी लिहिलं. मीही रोज तसंच करतो.’