टेपबाईंनी मोजलेलं पुरळ

गल्लीत त्यांना सगळे टेपबाई म्हणत. तीस वर्षं कपडे शिवून गळ्यातला टेप जणू अंगालाच चिकटला होता. पाव इंच चुकलं तरी पुन्हा उसवणारी बाई! केस गळायला लागले तेव्हा त्यांनी ऑनलाइन नव्या गोळ्या मागवल्या. एका बाटलीवर एक फुकट आली, ती धाकट्या जावेला दिली.

चौथ्या दिवशी हातावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी गोळ्या थांबवून मलम दिलं. बाईंनी मात्र मापांच्या वहीत नवं पान काढलं: "डावा हात, कोपराखाली, लांबी साडेचार, रुंदी दोन." रोज माप. गोळ्या थांबवल्यावर सहाव्या दिवशी पुरळ दीड इंचावर आलं, तेव्हा त्यांनी विक्रेत्या कंपनीला पत्र ठोकलं. तारखा, मापं, फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जोडलं. खाली लिहिलं, "पैसे परत करा आणि त्या बॅचची तपासणी करा. माझे केस गेले तरी चालतील, दुसऱ्या कुणाला हा ताप नको."

तक्रार विभागातल्या मुलीचा फोन आला. "बाई, इतकी नेमकी तक्रार पहिल्यांदाच बघतेय. फक्त बाटलीवरचा बॅच नंबर राहिलाय."

बाईंनी कपाळावर हात मारला. दुकानातल्या सवयीने गोळ्या त्यांनी बटणांच्या रिकाम्या बरणीत ओतल्या होत्या, आणि बाटली भंगारात गेली होती.

"नंबर नसेल तर नेमका कुठला माल तपासायचा, ते कळत नाही हो," मुलगी म्हणाली.

आता जावेचं दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाईंना ते जड गेलं. वीस वर्षांत या जावेशी त्या कामापुरतंच बोलल्या होत्या. दिलेली भेटच खराब निघाली, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

उकाडा मी म्हणत होता, तरी जाऊबाई पूर्ण बाह्यांचा झगा घालून बसल्या होत्या. बाईंची नजर शिंपिणीची. त्यांनी सरळ बाही वर सरकवली. मनगटापासून दंडापर्यंत लालभडक पुरळ!

"अगं बये! आणि गोळ्या अजून घेतेयस?"

जाऊबाई ओशाळल्या. "ताई, तुम्ही पहिल्यांदाच काही दिलं होतंत. नको कसं म्हणू?"

बाईंना स्वतःची लाज वाटली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "वेडी आहेस. हात पुढे कर." मापं घेतली, बाटलीवरचा नंबर उतरवला आणि जावेला तडक डॉक्टरांकडे नेलं.

दुसरं पत्र दोघींच्या सह्यांनी गेलं. दोन्ही बाटल्या एकाच ऑर्डरीतल्या होत्या. म्हणून कंपनीने जावेच्या बाटलीवरचा बॅच नंबर दोन्हींसाठी धरला. आठवड्यात उत्तर आलं: पैसे परत, त्या बॅचची विक्री थांबवली आहे, राखून ठेवलेला नमुना तपासणीला पाठवला आहे.

पुरळ गेल्यावर बाईंनी जावेला दुकानात बोलावून, कच्च्या टाक्यांचा नवा झगा अंगावर चढवून आरशासमोर उभं केलं. "बिनबाह्यांचा शिवतेय तुला. आणि घट्ट झाला तर बोलायचं, कळलं?"

"काखेत आत्ताच काचतंय, ताई," जाऊबाई म्हणाल्या.

टेपबाईंनी खूश होऊन टाचणी काढली.